प्रीमियरपूर्व काउंटडाउन (यूट्यूब)

आधीच तयार असलेला व्हिडिओ ठरलेल्या वेळी सगळ्या प्रेक्षकांना एकत्र दाखवण्याच्या यूट्यूबच्या सोयीला 'प्रीमियर' म्हणतात. ही सोय 2018 मध्ये आली. व्हिडिओ सुरू होण्याआधी प्रेक्षकाला जे दिसते त्याला सरसकट 'काउंटडाउन' म्हटले जाते, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रतीक्षेचे पान. प्रीमियरची वेळ ठरवून जतन करताच व्हिडिओचे सार्वजनिक पान तयार होते आणि त्याची लिंक लगेच कुणालाही पाठवता येते. प्लेयरच्या जागी थंबनेल असते आणि त्यावर किती वेळ उरला आहे किंवा कोणत्या तारखेला किती वाजता सुरुवात आहे, हे लिहिलेले असते. ट्रेलर जोडला असेल तर तो याच पानावर दिसतो. तो 15 सेकंद ते 3 मिनिटांचा असावा लागतो. आठवण लावण्याचे बटणही तिथेच असते. चॅट चालू ठेवले असेल तर प्रेक्षक आधीपासून गप्पा मारू शकतात, मात्र व्हिडिओ लहान मुलांसाठी आहे असे नोंदवले असेल तर चॅट नसते. वेळ ज्याच्या त्याच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे दिसते, त्यामुळे दोन देशांतल्या मित्रांना एकाच पानावर वेगवेगळे आकडे दिसले तर ती चूक नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा काउंटडाउन, म्हणजे संगीतासह उलटे मोजणारे हलते दृश्य. तो सहसा 2 मिनिटांचा असतो आणि ठरलेल्या वेळेच्या आधी नाही, तर त्या वेळेला सुरू होतो. समजा, 12 मिनिटांच्या व्हिडिओची वेळ रात्री 8 लावली आहे. 7:20 ला लिंक उघडणाऱ्याला 40 मिनिटे बाकी दिसतील. 8 वाजता व्हिडिओ येणार नाही, आकडे 2:00 पासून खाली उतरू लागतील. पहिले दृश्य 8:02 च्या सुमारास दिसेल आणि शेवट 8:14 ला होईल. 8:05 ला आलेला प्रेक्षक साधारण तिसऱ्या मिनिटापाशी सामील होईल. त्याला मागे जाता येते, पण सगळे जिथे पोचले आहेत त्याच्या पुढे उडी मारता येत नाही. '8 वाजले तरी व्हिडिओ का नाही?' अशी विचारणा चॅटमध्ये सुरू होते, ती या दोन मिनिटांमुळेच. पहिले दृश्य बरोबर आठलाच दिसायला हवे असेल, तर वेळ काउंटडाउनच्या लांबीइतकी आधीची लावावी लागते.

काउंटडाउन लागला आहे की नाही, याची खात्री करताना मुख्य सापळा वेळापत्रकाच्या चौकटीत असतो. यूट्यूब स्टुडिओमध्ये Visibility च्या टप्प्यावर Schedule निवडून तारीख-वेळ भरली, पण खालच्या Set as Premiere या चौकोनात खूण केली नाही, तर व्हिडिओ नुसता वेळ लावलेला राहतो. तो त्या क्षणापर्यंत खासगी असतो आणि वेळ झाली की मुकाट्याने प्रसिद्ध होतो. ना पान, ना चॅट, ना काउंटडाउन. स्टुडिओच्या यादीत दोन्हींसमोर तारीख दिसते, म्हणून घाईत पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

सर्वांत भरवशाची चाचणी बाहेरच्या माणसाच्या नजरेने करायची असते. व्हिडिओची लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे लॉगिन नसलेल्या अवस्थेत उघडावी. थंबनेल आणि उरलेला वेळ दिसला, तर प्रीमियर लागला आहे. व्हिडिओ खासगी असल्याचा संदेश आला, तर Set as Premiere ची खूण राहून गेली आहे. स्वतःच्या खात्यातून लिंक उघडून ही चाचणी होत नाही, कारण मालकाला खासगी व्हिडिओही दिसतो.

याच पानावरची वेळही तपासावी. सकाळ-संध्याकाळची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक, आणि 'सुरुवातीला 12 तास जास्त बाकी' असे दिसले की ती लगेच पकडता येते. दुसरी शक्यता म्हणजे संगणकाचा टाइम झोन चुकीचा असणे. म्हणून वेळ लावताना त्या चौकटीत दाखवलेला टाइम झोन वाचून घ्यावा आणि मग खासगी खिडकीतला उरलेला वेळ हातातल्या घड्याळाशी ताडून पाहावा.

काउंटडाउनचे दृश्य कोणते येणार, हे मात्र प्रतीक्षेच्या पानावरून ठरवता येत नाही. ते प्रीमियरच्या सेटिंगमध्ये Countdown theme खाली पाहावे लागते. प्रीमियर संपला की पान तेच राहते, पण व्हिडिओ नेहमीच्या अपलोडसारखा होतो, आणि नंतर येणाऱ्याला काउंटडाउन बघत बसावे लागत नाही.