मुलाखतीची प्रश्नपेढी : क्षमता-डेकवरून रचना आणि गुणांकन

मुलाखतीची प्रश्नपेढी म्हणजे एखाद्या पदासाठी उमेदवारांना विचारायचे प्रश्न, त्यांचे उपप्रश्न आणि उत्तराला किती गुण द्यायचे हे सांगणाऱ्या टिपा यांचा तयार संच. मोठ्या कंपन्यांत तो बहुधा एचआर विभागाच्या 'कॉम्पिटन्सी डेक'वरून बनवतात. त्या पदाला लागणाऱ्या क्षमता या डेकमध्ये स्लाइडवर मांडलेल्या असतात. साधारणपणे एका क्षमतेला एक स्लाइड असते आणि तिच्यावर क्षमतेचे नाव, दोन ओळींची व्याख्या, तीन-चार पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर अपेक्षित असलेले वागणे एवढा मजकूर असतो.

स्लाइड समोर ठेवून थेट प्रश्न लिहिले, की पेढी दिसायला पूर्ण होते, पण उपयोगाची ठरत नाही. कंपनीला काय हवे आहे ते स्लाइड सांगते. चांगले काम करणारा आणि जेमतेम काम करणारा नेमके कुठे वेगळे वागतात, हे तिच्यावर नसते. तो फरक हाती आल्याशिवाय गुणांकनाची टीप लिहिता येत नाही आणि टीप नसेल तर प्रश्न कशासाठी विचारतो आहोत हेच ठरत नाही. म्हणून या कामाचा क्रम वाटतो त्याच्या उलटा आहे : आधी प्रसंग, मग टीप, शेवटी प्रश्न.

या पद्धतीची मुळे औद्योगिक मानसशास्त्रात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम केलेले जॉन फ्लॅनॅगन यांनी 1954 साली 'निर्णायक प्रसंग' गोळा करण्याचे तंत्र मांडले. माणूस कसा आहे हे विचारण्याऐवजी काम सुधारले किंवा बिघडले अशा एका ठरावीक वेळी त्याने काय केले, हे विचारायचे, असा त्याचा गाभा. 1963 मध्ये पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी परिचारिकांच्या कामाचे मूल्यमापन करताना अशाच प्रसंगांवरून गुणपट्टी बनवली. तिच्यावर 'उत्तम', 'साधारण' या शब्दांऐवजी प्रत्यक्ष वागण्याची वर्णने होती. आजच्या गुणांकन टिपा या दोन कामांच्या वंशातल्याच आहेत.

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. पद आहे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी मशिनिंग लाइनवरच्या शिफ्ट सुपरवायझरचे. डेकमधली एक स्लाइड म्हणते : 'गुणवत्तेची मालकी – दर्जाशी तडजोड करत नाही आणि टीमला गुणवत्तेसाठी प्रेरित करतो.' या वाक्यातले 'आणि' आधी तोडावे लागते, कारण तिथे दोन वेगळ्या क्षमता जोडल्या गेल्या आहेत. स्वतः माल थांबवणारा माणूस टीमला शिकवण्यात कच्चा असू शकतो. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबले तर त्याला मिळालेले 3 गुण कशाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. इथे पहिला भाग घेऊ.

दुसरे पाहायचे ते पातळीचे. डेक बहुतेक वेळा संपूर्ण कंपनीसाठी एकच असतो. त्यात पहिल्या पातळीवर 'ठरलेली तपासणी करतो' आणि चौथ्या पातळीवर 'गुणवत्तेची संस्कृती घडवतो' असे लिहिलेले असते. शिफ्ट सुपरवायझर दुसऱ्या पातळीवर बसतो : गडबड ओळखतो, माल अडवतो, संबंधितांना कळवतो. चौथ्या पातळीचे वाक्य भारदस्त दिसते म्हणून प्रश्न त्यावर बेतला, तर भाषण चांगले करणारा उमेदवार पुढे जातो आणि लाइन सांभाळणारा मागे पडतो.

यानंतर डेक बाजूला ठेवून त्या लाइनची माहिती असलेल्या माणसांकडे जावे लागते. यात अनुभवी सुपरवायझर, त्यांचे प्रॉडक्शन मॅनेजर आणि क्वालिटी विभागातले लोक येतात. त्यांना 'चांगला सुपरवायझर कसा असतो?' असे विचारू नये, कारण उत्तरात विशेषणेच मिळतात. 'गेल्या वर्षभरात एखाद्या सुपरवायझरमुळे खराब माल बाहेर जाता जाता राहिला, किंवा गेला, असा एक प्रसंग सांगा. तेव्हा त्याने काय केलं?' असे विचारावे. सांगितलेला प्रत्येक प्रसंग वेगळ्या कार्डावर लिहावा : परिस्थिती, कृती, परिणाम. माणसाचे नाव लिहू नये.

अशा कार्डांतून एक नमुना वर येतो. नगातले भोक, म्हणजे बोअर, कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक, म्हणजे बोअरिंगचा इन्सर्ट, झिजला, की बोअर हळूहळू लहान भरू लागतो. रात्री नऊच्या तपासणीत माल ठीक होता, दहाच्या तपासणीत भोकाचे माप तपासणारा प्लग गेज आत जात नाही. एका नगाला लागणारा वेळ, म्हणजे सायकल टाइम, दोन मिनिटांचा असेल तर मधल्या तासात साधारण तीस नग निघालेले असतात आणि सकाळी माल न्यायला गाडी लागायची आहे. अशा वेळी जवळपास प्रत्येक सुपरवायझर मशीन थांबवतो, इन्सर्ट बदलतो किंवा मशीनला ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, देतो. फरक त्याच्या पुढे पडतो. जेमतेम सुपरवायझर पुढचा नग ठीक आला की लाइन सुरू करतो. चांगला सुपरवायझर मागे जातो : नऊच्या ओके तपासणीनंतरचा सगळा माल शोधून वेगळा काढतो, त्याला लाल टॅग लावतो, पुढच्या ऑपरेशनला गेलेले नगही परत मागवतो आणि डिस्पॅचला गाडी लागण्याआधीच कळवतो. 'मशीन थांबवले का?' हा प्रश्न त्यामुळे निकामी ठरतो, कारण त्याला सगळे 'हो' म्हणतील. शोधायचे आहे ते हे मागे जाणे.

कार्डे जमली, की स्मिथ आणि केंडल यांच्या पद्धतीतली एक पायरी करावीच. घाईत नेमकी हीच गाळली जाते. प्रसंग सांगण्यात भाग न घेतलेल्या दुसऱ्या दोन-तीन जाणकारांना कार्डे पिसून द्यायची आणि प्रत्येक कार्ड कोणत्या क्षमतेचे आहे व त्याला 1 ते 5 पैकी किती गुण द्याल, असे विचारायचे. एक जण ज्याला 'गुणवत्ता' म्हणतो त्यालाच दुसरा 'संवाद' म्हणत असेल, किंवा एक 2 देतो तिथे दुसरा 5 देत असेल, तर ते कार्ड बाद. प्रसंग चुकीचा असतो म्हणून ते बाद होत नाही. तीन जाणकारांचे ज्यावर एकमत होत नाही त्यावर मुलाखतकारांचेही होणार नाही, एवढेच त्यामागचे कारण.

उरलेल्या कार्डांवरून टीप लिहिली जाते. वरच्या उदाहरणात ती अशी होईल :

1 – बिघडलेला नग बाजूला केला, मशीन दुरुस्त केले, लाइन सुरू केली. आधीच्या मालाचा उल्लेख नाही, किंवा 'ते क्वालिटीवाल्यांचं काम' अशी भूमिका.

3 – शेवटच्या ओके तपासणीनंतरचा माल वेगळा काढला, पण लाइनवर होता तेवढाच. किंवा दुसऱ्या कोणी सांगितल्यावर काढला.

5 – स्वतःहून मागे गेला, पुढे सरकलेला मालही गाठला, क्वालिटी आणि डिस्पॅचला वेळेत कळवले आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून तपासणीची वेळ किंवा किती नगांनंतर इन्सर्ट बदलायचा ती संख्या बदलून घेतली.

2 आणि 4 मोकळे सोडतात. उत्तर दोन वर्णनांच्या मध्ये पडले तर ते वापरायचे. पाचही घरे भरण्याच्या नादात 'काहीसे', 'बऱ्यापैकी', 'प्रभावीपणे' असे शब्द शिरतात आणि प्रत्येक मुलाखतकार आपापला अर्थ लावतो. टिपेत विशेषण किंवा क्रियाविशेषण दिसले, की तिथे प्रसंग हरवला असे समजावे.

आता प्रश्न लिहिणे सोपे जाते. त्याचे दोन प्रकार रूढ आहेत. 1980 मध्ये गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांनी परिस्थितीवर आधारित प्रश्नांची मुलाखत मांडली : 'असं झालं तर काय कराल?' दोन वर्षांनी टॉम जॅन्झ यांनी पूर्वी प्रत्यक्ष केलेल्या वागण्याबद्दल विचारण्याची पद्धत पुढे आणली. अनुभवी उमेदवाराला दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारावा : 'तपासणीत नग चुकीचा निघाला आणि गाडी लागायची वेळ जवळ होती, अशी एखादी पाळी सांगा. सुरुवातीपासून काय काय केलंत?' डिप्लोमा करून नुकत्याच आलेल्याला तसा अनुभव नसतो. त्याच्यासाठी नऊ-दहाच्या तपासणीची परिस्थिती जशीच्या तशी मांडावी. टीप दोघांना एकच लागू पडते. प्रश्नात 'आधीच्या मालाचं काय केलंत?' असे मात्र येता कामा नये, कारण मग उत्तर आपणच हातात दिल्यासारखे होते.

उपप्रश्नही पेढीतच लिहून ठेवावेत. उमेदवार बहुतेक वेळा 'आम्ही'त बोलतो : 'आम्ही लगेच मशीन बंद केलं, सगळा माल चेक केला, मग गाडी सोडली.' एवढ्यावर गुण देता येत नाहीत. 'त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?' असे विचारल्यावर तो म्हणतो, 'मी ऑफसेट दिला. माल क्यूसीच्या सरांनी थांबवायला सांगितला, तो मी पोरांकडून बाजूला काढून घेतला.' 'म्हणजे कुठला कुठला?' 'ट्रॉलीत होता तो.' सांगितल्यावर माल काढला आणि तोही लाइनवरचाच, म्हणून 3. पहिले वाक्य ऐकून अनेक मुलाखतकारांनी 5 लिहिले असते. उपप्रश्नांचे काम 'कोणी, कोणता, कधी' एवढे स्पष्ट करण्यापुरतेच ठेवावे. मदत करत करत उमेदवाराला 5 पर्यंत नेणे हा त्या आधीच्या उमेदवारावर अन्याय आहे ज्याला ती मदत मिळाली नाही.

उत्तर कोणत्या भाषेत चालेल हेही टिपेत लिहिलेले असावे. अशा पदांसाठी मराठी माध्यमातून किंवा आयटीआयमधून आलेले कितीतरी उमेदवार लाइनवरचे काम मराठीत नेमके सांगतात आणि इंग्रजीत अडखळतात. टिपेत नसलेली गोष्ट गुणांत शिरू नये आणि इंग्रजीचा सफाईदारपणा सर्वांत आधी शिरतो.

45 मिनिटांच्या मुलाखतीत असे चार प्रश्न नीट होतात, प्रत्येकी साधारण आठ मिनिटे. उरलेला वेळ ओळखीला आणि उमेदवाराच्या प्रश्नांना जातो. डेकमध्ये दहा क्षमता असल्या तरी दहाही मुलाखतीत तपासता येत नाहीत. ड्रॉइंग वाचता येते का, हे विचारून कळत नाही, ड्रॉइंग हातात देऊन कळते. अशा क्षमता पेढीत न ठेवता प्रात्यक्षिकाकडे वळवाव्यात.

वापरात आणण्याआधी पेढी कारखान्यातल्याच काही सुपरवायझरांवर, त्यांच्या संमतीने, चालवून पाहतात. ज्यांचे काम चांगले असल्याची सर्वांना खात्री आहे आणि ज्यांचे बेताचे आहे, अशा दोघांचीही उत्तरे सारखीच आली तर प्रश्न फरक दाखवत नाही. एवढ्या थोड्या माणसांवरून प्रश्न सिद्ध होत नाही, पण निकामी प्रश्न गळतो. त्याच बैठकीत दोन मुलाखतकारांनी एकमेकांशी न बोलता गुण लिहायचे. दोघांत दोन किंवा अधिक गुणांचा फरक वारंवार एकाच प्रश्नावर पडत असेल, तर दोष बहुधा टिपेत असतो. एकाच मुलाखतकाराचा फरक सगळ्या प्रश्नांवर पडत असेल, तर त्याला टीप वापरण्याचा सराव हवा. सगळ्यांना सगळीकडे 3 मिळत असतील, तर गुण बहुतेक मुलाखत संपल्यावर एकदम लिहिले जात आहेत. प्रत्येक प्रश्नाचे गुण त्या उत्तरातल्या एका-दोन वाक्यांच्या नोंदीसह लगेच लिहावेत आणि चर्चेआधी सर्वांचे कागद गोळा करावेत.

एवढ्या खटाटोपाला आधार आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरगणना केली. त्यांच्या यादीत पुढच्या कामाचा अंदाज देण्यात साचेबद्ध मुलाखत, म्हणजे अशी ठरलेल्या प्रश्नांची आणि ठरलेल्या गुणांकनाची मुलाखत, सर्वांत वर आली. मात्र तिचाही कामाशी असलेला सहसंबंध सुमारे 0.42 होता, म्हणजे पूर्ण 1 पासून बराच दूर. 4 आणि 3 गुण मिळालेल्या दोन उमेदवारांत पहिलाच चांगला ठरेल, असे या पेढीवरून म्हणता येत नाही.

पेढी जुनीही होते. एका क्षमतेला दोन-तीन समतुल्य प्रश्न ठेवून ते आलटूनपालटून वापरतात, कारण एकाच पट्ट्यातल्या कारखान्यांत प्रश्न लवकर फुटतात. उमेदवार उपप्रश्नाची वाट न पाहता टिपेतल्या क्रमानेच उत्तर देऊ लागले, की प्रश्न फुटला असे धरावे. आणि लाइनवर प्रत्येक नग मशीनमध्येच मोजणारा प्रोब बसला, तर नऊ ते दहामधला तो संशयित मालच उरत नाही. मग डेकमधली स्लाइड अक्षरशः तीच राहिली तरी हा प्रश्न आणि त्याची टीप काढून सुपरवायझरांकडून नवे प्रसंग गोळा करावे लागतात.