जुलाब थांबवणाऱ्या गोळीच्या पट्ट्या आम्ही मोजून का देतो

कुणी आमच्या दुकानात या गोळीच्या, म्हणजे लोपरामाइडच्या, पाच-सहा पट्ट्या एकदम मागितल्या, की आम्ही कुणासाठी, किती दिवसांसाठी असं विचारतो. काहींना ते खटकतं, म्हणून कारण लिहून देत आहोत.

हे औषध अफूच्या गोत्रातलं आहे. आतड्यात अफू जिथे काम करते तिथेच तेही करतं. आतड्याची हालचाल मंदावते आणि पाणी शोषलं जायला वेळ मिळतो. नेहमीच्या डोसने नशा मात्र चढत नाही. बरंचसं औषध यकृतातच मोडतं, आणि रक्तात उरतं त्याला मेंदूच्या वेशीवरचे पंप बाहेर ढकलतात.

गैरवापर बेसुमार मात्रेचा असतो. हेरॉइन किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं सोडताना अंग मोडतं, जुलाब लागतात, झोप उडते. ते सोसवत नाही म्हणून काही जण मूठमूठ गोळ्या घेतात, तर काही नशेसाठीच घेतात. अमेरिकेत हे इतकं दिसू लागलं की तिथल्या औषध प्रशासनाने 2016 साली जाहीर इशारा दिला. 1976 ते 2015 या काळात हृदयाच्या गंभीर त्रासाच्या 48 नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त 2010 नंतरच्या. दहा जण दगावले होते. पुढे त्यांनी कंपन्यांना पाकिटातल्या गोळ्याच कमी करायला सांगितलं.

हृदयाचा प्रत्येक ठोका झाला की पुढच्या ठोक्याआधी त्याच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. रक्तात लोपरामाइड फार वाढलं की ती वाट अडते. मग ईसीजीत ‘क्यूटी’ हे अंतर लांबतं आणि ठोके अचानक बेभान होऊ शकतात. असा माणूस बहुधा चक्कर येऊन कोसळतो. त्याच्या लघवीच्या नेहमीच्या नशातपासणीत हे औषध दिसत नाही. अफूवरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन दिल्यावर मंदावलेला श्वास सुधारतो, पण ईसीजी तसाच राहतो, कारण हृदयातला अडथळा अफूच्या जागेवरचा नसतोच. म्हणून तरुण माणूस कारण नसताना बेशुद्ध पडला, तर घरच्यांनी रिकाम्या पट्ट्या शोधून डॉक्टरांना दाखवाव्यात. निदान तिथूनच लागू शकतं. औषध शरीरातून हळूहळू जातं, त्यामुळे बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नये.

साध्या जुलाबासाठी घाबरायचं कारण नाही. मोठ्या माणसाने आधी दोन मिलिग्रॅमच्या दोन, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला चारच्या वर जाऊ नये. शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर ही गोळी नकोच. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच देऊ नये. दुसरी औषधं चालू असतील तर आधी सांगा.

व्यसन सोडताना त्रास होत असेल तर त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. कुणी गोळ्या जास्त घेतल्या असतील, छातीत धडधड किंवा चक्कर असेल, तर 108 ला फोन करा.