वारस दाखल्याचे प्रतिज्ञापत्र: ‘मयताशी नाते’ नीट लिहा

पती वारल्यावर वारस दाखल्यासाठी पत्नीने करायच्या प्रतिज्ञापत्रात आमच्याकडे सर्वांत जास्त खाडाखोड होते ती कुटुंबाच्या यादीत. बहुतेक जण रेशन कार्ड समोर ठेवून नावे सांगतात. रेशन कार्डावर घरात कोण राहते ते असते, वारस कोण ते नसते.

अलीकडचे उदाहरण घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या पत्नी आल्या. त्यांनी चार नावे सांगितली: स्वतः, मुलगा, सासरे आणि दीर. लग्न होऊन अक्कलकोटला गेलेली मुलगी राहिली, आणि धाकट्या मुलाकडे राहणाऱ्या सासूबाईही राहिल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. मुलीचे लग्न झाल्याने काही बदलत नाही. वडील दुसऱ्या वर्गात येतात, म्हणून पहिल्या वर्गातले कोणी हयात असेल तर त्यांना हिस्सा नाही. दिराचा तर प्रश्नच नाही. (मुस्लिम कुटुंबात वडीलही वारस असतात, त्यामुळे ती यादी वेगळी होते.) आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले असतील तर तेही आवर्जून सांगा.

दुरुस्त यादी अशी झाली: पत्नी, वय ४६, मुलगा, २४, विवाहित मुलगी, २१, आई, ७०. सासूबाईंच्या पुढे त्यांनी ‘सासू’ लिहायला सांगितले होते. प्रतिज्ञापत्र त्या करत असल्या तरी नाते मयताशी लिहायचे, म्हणून तिथे ‘आई’ आले. मुलीचे नाव माहेरचे व सासरचे, दोन्ही ‘उर्फ’ लावून घातले, कारण शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे होते.

यादीखाली एक वाक्य येते: ‘वरील व्यक्तींव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही.’ हे तुम्ही शपथेवर सांगता. सासूबाईंचे नाव सुटले असते तर हेच वाक्य खोटे ठरले असते, आणि खोट्या प्रतिज्ञापत्रावर फौजदारी कारवाई होऊ शकते. भांडण असेल, बोलणे बंद असेल, तरी नाव घालायचेच.

घरून सही करून आणू नका. सही किंवा अंगठा नोटरीसमोर किंवा शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच. मराठी वाचता येत नसेल, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर मजकूर त्या भाषेत समजावून घ्या आणि ‘वाचून व समजावून सांगितला’ अशी ओळ खाली घालायला लावा.

बँकेतील ठेवी, शेअर अशा रकमांसाठी बऱ्याचदा दिवाणी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र मागतात, ते वेगळे. दाखला कशासाठी हवा ते आधी सांगा, आणि येताना मृत्यूचा दाखला, सगळ्यांचे आधार व मुलांचे शाळेचे दाखले बरोबर ठेवा.