त्वचा आधी, केस शेवटी: थायरॉइडच्या उपचारामागचा इतिहास

१३ एप्रिल १८९१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे या पंचविशीतल्या डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन दिलं. चार-पाच वर्षांपासून तिचा चेहरा सुजत गेला होता, बोलणं मंदावलं होतं, थंडी सोसत नव्हती, घाम येणं बंद झालं होतं, त्वचा कोरडी पडली होती आणि डोक्यावरचे केस विरळ झाले होते. तीन महिने इंजेक्शनं दिल्यावर मरेने तिची अवस्था ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. सूज उतरली होती, बोलण्याला वेग आला होता, मासिक पाळी पूर्ववत झाली होती. त्वचेचा कोरडेपणा बराच कमी झाला होता आणि चालताना तिला घाम येऊ लागला होता. याच टिपणात त्याने आणखी एक नोंद प्रामाणिकपणे केली: डोक्यावरचे केस होते तसेच आहेत.

थायरॉइडची गोळी सुरू होऊन तीन महिने झाले, रिपोर्ट सुधारला, तरी फणीत केस येतातच, ही तक्रार आज घराघरांत ऐकू येते. म्हणजे ती या उपचाराच्या पहिल्या रुग्णाइतकीच जुनी आहे. त्वचा लवकर सुधारते, नखं मागून आणि केस सगळ्यांत शेवटी. हा क्रम का ठरलेला आहे, ते कळायला मात्र पुढची अनेक दशकं जावी लागली.

मरेच्या आधीची वीस वर्षं या आजाराची ओळख पटण्यात गेली. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या या अवस्थेचं वर्णन केलं. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. त्वचेखाली बुळबुळीत द्रव्य साठल्यामुळे ती जाड होते, हे त्यांनी शवविच्छेदनात पाहिलं होतं. पण या सगळ्याचं मूळ कुठे आहे, ते ध्यानात आलं स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेही शस्त्रक्रियेच्या दुष्परिणामांतून. बर्नचे सर्जन थिओडोर कोखर गलगंड काढताना संपूर्ण थायरॉइड ग्रंथीच काढून टाकत. काही वर्षांनी त्यांनी त्या रुग्णांना परत बोलावून तपासलं, तेव्हा त्यांतले बहुतेक जण सुजलेले, मंद आणि कोरड्या त्वचेचे झाले होते. १८८३ मध्ये कोखर यांनी हे उघडपणे मांडलं. जिनिव्हाच्या रेव्हर्दिन यांनी त्याच्या आदल्या वर्षीच असं निरीक्षण नोंदवलं होतं. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने मग समिती नेमली, शंभराहून अधिक रुग्णांची माहिती गोळा केली आणि १८८८ च्या अहवालात निष्कर्ष काढला की आजार आपोआप झालेला असो वा शस्त्रक्रियेने, कारण एकच, थायरॉइडचं काम थांबणं. कारण कळल्यावर तीनच वर्षांत मरेचं इंजेक्शन आलं. १८९२ मध्ये तर ग्रंथी तोंडावाटे दिली तरी गुण येतो असं दिसून आलं आणि सुई मागे पडली.

मरेची ती रुग्ण पुढे २८ वर्षं जगली आणि १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिने घेतलेल्या अर्कासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेने नंतर दिला. दरम्यान १९१४ च्या नाताळात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडवर्ड केंडल यांनी ग्रंथीतून थायरॉक्सिन हे तिचं हार्मोन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि १९२० च्या दशकात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केलं. आज आपण सकाळी उपाशीपोटी घेतो ती गोळी त्याच थायरॉक्सिनची.

औषध मिळालं, तरी केसांचं कोडं तसंच राहिलं. ते सुटलं त्वचारोगतज्ज्ञांकडून. डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. तो दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याचं मूळ साधारण तीन महिने विश्रांती घेतं आणि त्यानंतर तो गळतो. निरोगी डोक्यावर दहातला एखादा केस विश्रांतीत असतो, म्हणून रोज थोडे केस गळणं स्वाभाविक आहे. मोठं आजारपण, बाळंतपण किंवा हार्मोनचा बिघाड झाला की खूप केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. अमेरिकेचे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराची नीट मांडणी केली. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की हेच होतं: मुळं विश्रांतीत जातात आणि तिथेच रेंगाळतात, नवा केस सुरू होत नाही. हे हार्मोन मानवी केसाच्या मुळाचा वाढीचा काळ लांबवतं, हे २००८ मध्ये प्रयोगशाळेतही दाखवलं गेलं.

म्हणजे आज गळणारा केस तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराची हकीकत सांगत असतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत गळती वाढल्यासारखी वाटते तीही यामुळेच. विश्रांतीतलं मूळ जागं होतं, खालून नवा केस येऊ लागतो आणि वरचा जुना सुटतो. घाबरून याच टप्प्यावर गोळी बंद करणारे लोक असतात, आणि मला सगळ्यांत जास्त वाईट त्याचंच वाटतं, कारण ती गळती सुधारणेचीच खूण असू शकते.

त्वचेचं गणित वेगळं आहे. हार्मोन कमी असताना घाम आणि तेल कमी सुटतं, त्वचेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि वरचा थर नव्याने तयार होण्याचा वेग घटतो. म्हणून पोटऱ्यांवर खपल्या दिसतात, टाचांना भेगा पडतात. पण हा वरचा थर चार ते सहा आठवड्यांत बदलतो आणि घाम तर त्याहून लवकर परततो. मरेच्या रुग्णाला तीन महिन्यांत घाम येऊ लागला, यात म्हणूनच नवल नाही. नखं या दोहोंच्या मधली. हाताचं नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. जे नख ठिसूळ होऊन वर आलंय ते कोणत्याही औषधाने चांगलं होत नाही, ते कापलं जाईपर्यंत तसंच राहतं. सुधारणा बघायची तर टोकाकडे नव्हे, मुळाशी बघावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ६२ किलो वजनाच्या, ३८ वर्षांच्या बाईंचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन, ७२ इतका वाढलेला आला. हृदयाचा त्रास नाही. ग्रंथी जवळपास बंदच असेल तर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम हा पूर्ण डोसचा अंदाज धरतात. त्या हिशेबाने डॉक्टरांनी जानेवारीत १०० मायक्रोग्रॅम सुरू केलं. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो आणि टीएसएच त्याहूनही सावकाश स्थिरावतं, म्हणून पुढची तपासणी सहा-आठ आठवड्यांनी. मार्चमध्ये टीएसएच ९, गोळी ११२ ची झाली. मेअखेर २.४. आता शरीर काय करतं पाहा. मार्चपर्यंत त्वचा मऊ होऊ लागते, क्रीम कमी लागतं. केस मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वीपेक्षा जास्त गळू शकतात. जून-जुलैत, म्हणजे टीएसएच ठीक झाल्यावर एक-दोन महिन्यांनी, गळती उतरणीला लागते. सप्टेंबरच्या सुमारास कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस उभे दिसतात. तोवर हाताची नखं बहुतेक पूर्ण बदललेली असतात, पायाच्या अंगठ्याला मात्र वर्ष ते दीड वर्ष लागतं. भुवयांची बाहेरची टोकं झडली असतील तर ती बऱ्याचदा सहा महिन्यांत भरतात, कारण भुवईच्या केसाचं चक्र लहान असतं. शेपटा पूर्वीसारखा जाड दिसायला मात्र वेळ लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाशी दाटपणा आला तरी तो चाळीस सेंटिमीटरवरच्या टोकापर्यंत पोचायला तीन वर्षांहून जास्त काळ जाईल. रक्ताचा रिपोर्ट मेमध्येच ठीक आला, यावरून केसांची अपेक्षा ठरवली की निराशा होते.

या वेळापत्रकात अडथळे येतात, तेही इतिहासात दिसतात. १९६० च्या दशकात आजच्या दुप्पट-तिप्पट डोस सर्रास दिले जात, कारण टीएसएच अचूक मोजायची सोय नव्हती. ती रेडिओइम्युनोॲसे या रक्तातलं हार्मोन मोजण्याच्या पद्धतीनंतर आली आणि डोस खाली आले. हे केसांच्या दृष्टीनेही महत्त्वाचं, कारण थायरॉइडचं प्रमाण जास्त झालं तरी केस गळतात. केस मऊ व बारीक होतात आणि नखं बोटापासून सुटू लागतात, विशेषतः अनामिकेचं नख. नखाखालची ही जागा पांढरट दिसते आणि तिथे मळ साठतो. मेयोच्या हेन्री प्लमर यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. म्हणून केसांसाठी गोळी मनानेच वाढवणं उलटंच पडतं.

आणखी एक अडथळा अलीकडचा आहे. केस आणि नखांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिनचाच वापर होतो, त्यामुळे ते रक्तात जास्त असेल तर टीएसएच खोटंच कमी आणि टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, खोटंच जास्त दिसू शकतं. रिपोर्ट पाहून डॉक्टर थायरॉक्सिन कमी करतात आणि केस पुन्हा गळायला लागतात. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि आपण ते घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं. गोळीसोबत किंवा लगेच नंतर लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर थायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जात नाही. दोहोंत चार तासांचं अंतर हवं.

टीएसएच सहा महिने योग्य पातळीत राहूनही गळती तशीच असेल, तर दोष थायरॉइडवर ढकलत बसू नये. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाचा साठा कमी असणं फार नेहमीचं आहे, त्यासाठी फेरिटिन, म्हणजे हा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासून घ्यावं. भांगाचा पट्टा रुंदावत असेल आणि फणीत मात्र फारसे केस येत नसतील, तर ते आनुवंशिक विरळपण असू शकतं. ते थायरॉक्सिनने भरून येत नाही, त्याचा उपचार वेगळा. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले असतील तर ती चाई. हाशिमोटोच्या थायरॉइडमध्ये शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतं, आणि चाईतही ते केसांच्या मुळांवर तसाच हल्ला करतं, म्हणून हे दोन्ही आजार एकाच माणसात आढळणं नवं नाही. चट्टा दिसला तर वर्षभर वाट न पाहता लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.