उजव्या ओटीपोटातलं दुखणं आणि सोनोग्राफीतलं अपेंडिक्स

पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखायला लागलं की घरात पहिला शब्द निघतो तो अपेंडिक्सचाच. पण त्याच जागेत मूतखड्याची कळ येते, बायकांमध्ये बीजकोशाचं दुखणं येतं, लहान मुलांत पोटातल्या लसिकाग्रंथींच्या गाठी सुजतात, आणि आपल्याकडं आतड्याचा टीबी पण तिथंच बसतो. हात लावून हे सगळं वेगळं करता येत नाही म्हणून सोनोग्राफी सांगतात. आता सोनोग्राफीत अपेंडिक्स दरवेळी दिसतंच असं नाही, आणि रिपोर्ट वाचताना सगळा घोळ होतो तो इथंच.

अपेंडिक्स म्हणजे मोठं आतडं जिथून सुरू होतं (त्या भागाला सीकम म्हणतात) तिथं लोंबणारी करंगळीपेक्षा बारीक नळी, एका टोकाला बंद. तिच्या आणि मशीनच्या प्रोबच्या मध्ये आतड्यातला गॅस येतो, आणि गॅसमधून सोनोग्राफीला पलीकडचं काही दिसत नाही. यावर पुयलार्ट नावाच्या डच रेडिओलॉजिस्टनं 1986 मध्ये एक पद्धत मांडली, ती आजही तशीच चालते. प्रोब हळूहळू दाबत न्यायचा, श्वासाबरोबर, पेशंट कळवळणार नाही इतपत, म्हणजे मधली आतडी बाजूला सरकतात आणि गॅस निघून जातो. किती दाबायचं? तर मागचा सोआस स्नायू आणि मांडीकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या स्क्रीनवर दिसेपर्यंत. त्या दिसल्याच नाहीत तर दाब पुरेसा बसलेला नाही, आणि मग ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

चांगला सोनोलॉजिस्ट सुरुवातीलाच विचारतो, ‘एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं दुखतंय?’ आणि प्रोब थेट तिथंच ठेवतो, त्यात बराच वेळ वाचतो.

सुजलेलं अपेंडिक्स ओळखायचं ते असं. नळी एका टोकाला बंद, हालचाल अजिबात नाही (शेजारचं लहान आतडं मात्र वळवळत असतं), आणि दाबली तरी चपटी होत नाही. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजली तर 6 मिलिमीटरपेक्षा जाड. हा 6 चा आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलाय, पण नुसत्या आकड्यावर जायचं नसतं, कारण काही धडधाकट माणसांचं अपेंडिक्स पण 7 भरतं, आत गॅस किंवा मळ असला की हमखास. म्हणून आजूबाजूची चरबी बघायची. सूज खरी असेल तर ती चरबी पांढरी, फुगीर दिसते आणि दाबली तरी हलत नाही, जणू आत कापूस कोंबलाय. नळीच्या आत खडा असेल तर तो चमकतो आणि त्याच्या मागं काळी सावली पडते. आणि प्रोब नेमका नळीवर दाबल्यावर पेशंट ‘आई गं’ म्हणतो, हे पण रिपोर्टमध्ये लिहायचं असतं.

आता एक उदाहरण घेऊ, कल्पनेतलं आहे पण अशी पोरं सतत येतात. कोल्हापुरातल्या एका तालमीत सराव करणारा 16 वर्षांचा मुलगा, रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, घरच्यांनी संध्याकाळच्या मिसळीच्या कटावर ढकललं आणि ओवा दिला. पहाटे दोन उलट्या झाल्या, सकाळी दुखणं उजवीकडं खाली सरकलं, अंगात कणकण. नऊ वाजता सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये आलं: अपेंडिक्स दिसलं नाही, भरपूर गॅस, उजवीकडं 6-7 मिलिमीटरच्या तीन-चार गाठी. घरचे खूश, म्हणाले, ‘अपेंडिक्स नाही म्हणं, नुसत्या गाठी हायत.’

चूक इथंच झाली. दिसलं नाही म्हणजे चांगलं आहे असं नव्हे. लहान मुलांत आणि पोरवयात घसा-सर्दीनंतर पोटातल्या गाठी सुजतात आणि अगदी अपेंडिक्ससारखं दुखतं हे खरं, पण अपेंडिक्स सुजलं तरी शेजारच्या गाठी सुजतातच. त्यामुळं दुखणं नुसत्या गाठींचं आहे असं म्हणायला चांगलं, दबणारं अपेंडिक्स डोळ्यांनी दिसावं लागतं, ते दिसलं नसेल तर गाठींवरून काहीच सुटत नाही.

सर्जननं पोट तपासलं, उजवीकडं दाबून हात सोडला की पोरगं उडत होतं, पांढऱ्या पेशी पण वाढलेल्या, म्हणून घरी न पाठवता ठेवून घेतलं आणि दुपारी परत सोनोग्राफी सांगितली. या वेळी डाव्या कुशीवर वळवून, प्रोब कमरेच्या बाजूनं लावून बघितलं. सीकमच्या मागं वर वळलेलं अपेंडिक्स सापडलं, 9 मिलिमीटर, दबत नाही, तोंडाशी खडा, भोवती पांढरी चरबी. सकाळी ते सीकममधल्या गॅसच्या आड लपलं होतं. संध्याकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

दुसऱ्यांदाही दिसलं नसतं तर सिटी स्कॅन करावं लागलं असतं. गॅस आणि जाड पोट यांचा सिटीला फारसा अडथळा नसतो, पण रेडिएशन असतं म्हणून मुलांत पहिला नंबर सोनोग्राफीचा, आणि गरोदर बाईला शक्य असेल तिथं एमआरआय.

बाकीच्या कारणांचं थोडक्यात. मूतखड्यात उजवी किडनी फुगलेली दिसते आणि खडा बऱ्याचदा मूत्रनळी मूत्राशयाला मिळते तिथं अडकलेला सापडतो. एक गंमत मात्र लक्षात ठेवायची, सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनळीला टेकलं तर लघवीत पण थोड्या पेशी येतात, म्हणून नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर खडा ठरवायचा नाही. बायकांमध्ये आधी गरोदरपणाची टेस्ट, कारण गर्भाशयाबाहेर बीजनलिकेत राहिलेला गर्भ हे जिवावरचं कारण आहे. बीजकोशाला पीळ पडला तर तो शेजारच्यापेक्षा बराच मोठा दिसतो आणि बारीक पुटकुळ्या कडेला सरकलेल्या असतात. डॉपलरवर रक्तपुरवठा दिसला म्हणून पीळ नाही असं समजायचं नाही. बीजकोश बघायला मूत्राशय भरलेलं लागतं, आणि अपेंडिक्स दाबून बघायला उलट रिकामं बरं, म्हणून कधीकधी पेशंटला मध्येच बाथरूमला पाठवतात. पण ऑपरेशनची शक्यता असेल तर पाणी प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

आतड्याच्या टीबीत गोष्ट वेगळी असते, दुखणं एका रात्रीत आलेलं नसतं, महिनोन्‌महिने येऊन-जाऊन, वजन उतरलेलं, संध्याकाळी ताप. स्कॅनमध्ये लहान आतड्याचा शेवट आणि सीकम दोन्हींची भिंत जाड, गाठींचा मध्य काळपट आणि कधी पोटात पाणी. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या जुनाट आजारात पण शेवटचं लहान आतडं असंच जाड दिसतं, त्यामुळं पुढं कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासल्याशिवाय नाव ठरत नाही.

अपेंडिक्स फुटलं तर स्कॅन उलटा फसवतो. नळीतला दाब निघून गेल्यामुळं ती बारीक होते, चक्क दबते पण, आणि पेशंट म्हणतो ‘आता बरं वाटतंय’. तेव्हा नळीच्या मापापेक्षा शेजारी साठलेला घट्टसर द्रव, भिंतीतली तुटलेली पांढरी रेघ आणि पसरलेली पांढरी चरबी शोधायची असते. कळ अचानक थांबली पण ताप आणि नाडी चढतीच आहे, असा पेशंट त्याच दिवशी परत दाखवायचा.