बडोद्यात महिलांना रात्रपाळी देताना: संमतीपत्र, रोस्टर आणि घरपोच गाडी

मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात महिलांना रात्री कामावर ठेवायचं, तर आधी प्रत्येकीची संमती घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम ४३ प्रमाणे संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी महिलेला तिच्या संमतीनेच काम देता येतं. शिवाय सुरक्षितता, सुट्ट्या आणि कामाचे तास यांविषयीच्या सरकारी अटी पाळाव्या लागतात. दुकान किंवा ऑफिस असेल तर गुजरातचा २०१९ चा दुकाने व आस्थापना कायदा बघायचा.

भरतीच्या वेळी सही घेतलेलं ‘कुठल्याही पाळीत काम करीन’ हे वाक्य मी संमती मानत नाही. वेगळा कागद हवा, तिला वाचता येईल अशा मराठीत किंवा गुजरातीत. कोणती पाळी, कधीपासून आणि नको झाल्यास कोणाला कळवायचं, एवढं त्यात यावं. नकार दिला तर दिवसपाळी जाणार नाही, हेही लिहा.

खरी गडबड होते ती गाडीत. समजा, दुपारी ४ ची पाळी रात्री १२ ला सुटली. गाडीत चौघी आहेत, मांजलपूर, दांडिया बाजार, कारेलीबाग आणि छाणीच्या. जवळचं घर आधी घेतलं, तर कारेलीबागनंतर छाणीपर्यंत एकटी बाई आणि ड्रायव्हर. क्रम कसाही लावला तरी कोणीतरी शेवटी एकटी उरतेच. म्हणून महिला गार्ड शेवटच्या दारापर्यंत गाडीत असली पाहिजे आणि तिच्या परतीची सोयही त्याच गाडीने. रोस्टर लावतानाच मार्ग ठरवा. आयत्या वेळी कोणी पाळी बदलली की गाडीचा कागदही बदलायला हवा. नाहीतर एखादी गेटवर राहते.

पाळीवर महिला सुपरवायझर ठेवा. शेवटची ‘पोहोचले’ म्हणेपर्यंत तिची ड्युटी संपत नाही, आणि तो वेळ पगारात धरा. मालकाने दिलेली गाडी ही २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाचीच जागा आहे, त्यामुळे गाडीत घडलेल्या प्रकाराचीही तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ही समिती सक्तीची आहे. समितीतल्या बायकांचे नंबर आणि १८१ अभयम हेल्पलाइन गाडीत सीटसमोर चिकटवा.

फाइलमध्ये संमतीपत्रं, महिन्याचं रोस्टर, ड्रायव्हरचं लायसन्स व पोलीस पडताळणी, समिती नेमल्याचा आदेश आणि गाडीची रोजची नोंदवही ठेवा. दर आठवड्याला पंचिंगची वेळ आणि गाडी सुटल्याची वेळ शेजारी ठेवून बघा. पंच १२ चा आणि गाडी रोज पाऊणची असेल, तर बायका पाऊण तास ताटकळतात. गाडी आलीच नाही, तर दुसरी येईपर्यंत त्यांना विश्रांतीच्या खोलीत बसवायचं, रिक्षाने पाठवायचं नाही. हा नियम ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या.