फोटोवरून वॉलपेपरचे रोल किती लागतील? मोजणीआधी वाचायचं माहितीपत्रक

"भिंतीचा फोटो टाकलाय, किती रोल लागतील सांगा." असा मेसेज आम्हाला रोज येतो. फोटोवरून अंदाज निघतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही येतो. पण रोलांचा हिशोब पायऱ्यांनी चढतो. भिंत चार सेंटीमीटरनं वाढली तर कधी काहीच फरक पडत नाही, आणि कधी अख्खा एक रोल वाढतो. आपली भिंत अशा पायरीच्या तोंडावर आहे का, हे तुम्हालाही कळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

फोटो कसा काढायचा

भिंतीच्या साधारण मधोमध ए-४ आकाराचे दोन कोरे कागद, एकाखाली एक टेकवून, उभे चिकटवा. एका कागदाची उंची २९.७ सेंमी असते, म्हणजे दोघांची मिळून ५९.४ सेंमी. ही आमची फूटपट्टी. एकच कागद लावला तरी चालतं, पण फूटपट्टी जितकी छोटी तितकी चूक मोठी. ते पुढे आकड्यांत दिसेलच.

मग समोरच्या भिंतीला पाठ लावून, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरून फोटो काढा. कॅमेरा १× वर ठेवा. जागा कमी आहे म्हणून ०.५× वर गेलात तर कडा फुगतात आणि मोजमाप बिघडतं. पॅनोरमा तर नकोच. फोटो काढल्यावर भिंतीचे डावे-उजवे कोपरे बघा. ते वर जाताना एकमेकांकडे झुकत असतील तर फोन वर तोंड करून धरला गेलाय. पुन्हा काढा.

कागद भिंतीलाच चिकटवायचा, कपाटाला नाही. बरेच जण "कपाट साडेसहा फुटी आहे, त्यावरून काढा" म्हणतात. पण तुम्ही भिंतीपासून तीन मीटरवर उभे असाल आणि कपाटाचं दार भिंतीपासून अर्धा मीटर पुढे असेल, तर ते दार फोटोत भिंतीच्या तुलनेत वीस टक्के मोठं दिसतं. त्या मापानं भिंत काढली तर ती हिशोबात साधारण सतरा टक्के लहान होते. रुंदीचा पडताळा मात्र फरशीवरून छान मिळतो. दोन फुटी टाइल्स असतील तर भिंतीच्या कडेनं मोजा, सहा टाइल्स म्हणजे बारा फूट.

आणि घरात टेप असेल तर सरळ टेपनंच मोजा. फोटो तरीही पाठवा. स्विचबोर्ड, बीम आणि ओल आलेला कोपरा टेप सांगत नाही.

रोल म्हणजे नेमकं किती

आपल्याकडे सर्रास मिळणारा रोल ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो, म्हणजे २१ इंच बाय ३३ फूट. क्षेत्रफळ ५७ स्क्वेअर फूट. दुसरा प्रकार कोरियन रोलचा. तो १०६ सेंमी रुंद आणि १५.६ मीटर लांब असतो, साधारण १७८ स्क्वेअर फूट.

भिंतीचे स्क्वेअर फूट काढून त्याला ५७ नं भागायचं, ही पद्धत सगळीकडे चालते. आम्हीही सुरुवातीला तसंच करायचो. एकदा शेवटची पट्टी लावायला कागदच उरला नाही. नवा रोल मागवला तर तो दुसऱ्या लॉटचा आला. करडा रंग तोच, पण दिवा लावला की ती एक पट्टी निळसर दिसायची. अख्खी भिंत आम्ही पदरमोड करून पुन्हा केली, आणि तेव्हापासून स्क्वेअर फुटाचा हिशोब सोडला.

वॉलपेपर स्क्वेअर फुटानं लागत नाही, वरपासून खालपर्यंतच्या अखंड पट्ट्यांनी लागतो. म्हणून प्रश्न दोनच: भिंतीला पट्ट्या किती, आणि एका रोलमधून पूर्ण पट्ट्या निघतात किती.

डिझाइनची पुनरावृत्ती कागद कसा खाते

रोल उलगडला की एक फूल दिसतं आणि ठरावीक अंतरावर तेच फूल पुन्हा येतं. या अंतराला रिपीट म्हणतात. रोलच्या लेबलवर तो आकडा असतो. ५३/० असं लिहिलं असेल तर दर ५३ सेंमीला डिझाइन पुन्हा सुरू होतं आणि शेजारच्या पट्टीवर फूल त्याच उंचीला येतं. बाजूला समोरासमोर दोन बाण काढलेले असतात. ६४/३२ असेल तर रिपीट ६४, पण शेजारची पट्टी ३२ सेंमी खाली सरकवून जुळवायची. तिथे बाण वरखाली असतात. बाणाशेजारी नुसता शून्य असेल तर जुळवायची भानगडच नाही.

आता समजा पट्टी ३२२ सेंमीची हवी आहे. साध्या कागदात ३२२ वर कापलं की तिथूनच दुसरी पट्टी सुरू. पण ५३ च्या रिपीटमध्ये दुसरी पट्टीही त्याच फुलापासून सुरू व्हायला हवी. ते फूल येतं ५३ च्या पटीत: ३१८ ला येऊन गेलं, पुढचं ३७१ ला. म्हणजे मधले ४९ सेंमी कापून बाजूला ठेवायचे. यालाच आम्ही वेस्टेज म्हणतो. कारागिराच्या निष्काळजीपणाशी त्याचा संबंध नाही. शिवाय प्रत्येक नवा रोल त्याच फुलापासून सुरू होईल याची खात्री नसते, त्यामुळे रोलच्या तोंडाशीही एका रिपीटपर्यंत कागद जाऊ शकतो.

एक भिंत, पूर्ण हिशोबासह

सांगलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या हॉलमधली सोफ्यामागची भिंत घ्या. छत उंच, फॉल्स सीलिंग नाही. पसंत केलेला कागद ५३/० चा, मोठ्या पानांचा. फोटोत ए-४ चा एकच कागद लावलेला होता.

संगणकावर मोजलं तेव्हा तो कागद २६० पिक्सेल उंच भरला, म्हणजे एका सेंटीमीटरला ८.७५ पिक्सेल. भिंत रुंदीला ३२०४ पिक्सेल, म्हणजे ३६६ सेंमी, बरोबर बारा फूट. उंची स्कर्टिंगच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत २७१४ पिक्सेल, म्हणजे ३१० सेंमी. (उंची नेहमी स्कर्टिंगच्या वरूनच मोजायची, खाली कागद लागत नाही.)

पट्ट्या: ३६६ ला ५३ नं भागलं तर ६.९, म्हणजे सात. वरखाली ट्रिमिंगसाठी आम्ही मिळून १० सेंमी जादा धरतो, म्हणून एक पट्टी ३२० ची. इथेच आम्ही थांबलो. कारण ३१८ पर्यंतची पट्टी असती तर सहा रिपीटमध्ये बसली असती: दोनदा ३१८ आणि शेवटची ३१८ मिळून ९५४, म्हणजे १००५ मध्ये तीन पट्ट्या. ३१८ च्या वर गेलं की सात रिपीट, म्हणजे ३७१ लागतात. मग दोन पट्ट्यांनंतर तिसरी बसतच नाही.

आणि फोटोतली ही ३१० सेंमी उंची किती पक्की? कागदाची कड धूसर होती. २६० ऐवजी २६३ पिक्सेल धरले तर भिंत ३०६.५ सेंमी होते, २५७ धरले तर ३१३.६. तीन पिक्सेलचा फरक, पण एका टोकाला तीन रोल आणि दुसऱ्या टोकाला चार. दोन कागद लावले असते तर ही चूक निम्मी झाली असती.

म्हणून बंगल्याच्या मालकांना, काकांना, फोन करून टेप लावायला सांगितला, तीन ठिकाणी. डावीकडे ३०९, मधे ३१०, खिडकीकडे ३१२. जुन्या घरात असा फरक असतोच. हिशोबात सगळ्यात मोठा आकडा धरायचा. ३१२ अधिक १०, पट्टी ३२२. पहिली पट्टी ० ते ३२२, दुसरी ३७१ ते ६९३. तिसरी ७४२ पासून सुरू झाली तर १०६४ पर्यंत जायला हवी, आणि रोल १००५ ला संपतो. एका रोलला दोन पट्ट्या, सात पट्ट्यांना साडेतीन, म्हणजे चार रोल.

स्क्वेअर फुटानं हीच भिंत १२३ भरते. भागिले ५७ केलं तर २.१६. त्यात दहा टक्के वेस्टेज घातलं तरी २.३७, म्हणजे तीनच रोल आणले असते आणि सातवी पट्टी भिंतीवर आलीच नसती.

काकांचा प्रश्न रास्त होता. दुसरी पट्टी कापल्यावर रोलमध्ये ३१२ सेंमी कागद उरतो, म्हणजे अगदी भिंतीएवढा, मग तो का नाही लागत? एक तर ट्रिमिंगला काहीच उरत नाही. आणि तो लावलाच तर त्यावरचं पान शेजारच्या पानापेक्षा चार सेंटीमीटर वर-खाली येतं. सोफ्यावर बसून ते रोज दिसेल. ट्रिमिंग ६ सेंमीवर आणलं तर पट्टी ३१८ ची होते आणि कागदावर तीन रोल पुरतातही. पण एखादी पट्टी वाकडी कापली गेली, तर हातात काहीच नाही. तसं काम आम्ही घेत नाही.

दुसरे मार्ग मात्र होते. बिनजुळणीचा टेक्स्चर कागद घेतला असता तर ३२२ च्या तीन पट्ट्या ९६६ मध्ये निघतात, तीन रोल पुरतात. किंवा कोरियन रोल: ३६६ ला १०६ नं भागून चार पट्ट्या. रिपीट ५३ च असेल तर तीनदा ३७१ आणि शेवटची ३२२, एकूण १४३५ सेंमी, आणि रोल १५६० चा. एकाच रोलमध्ये भिंत पूर्ण. काकूंना मात्र तीच पानं हवी होती, म्हणून चार रोल घेतले.

दारं, खिडक्या आणि लॉट

खिडकीचं क्षेत्रफळ आम्ही वजा करत नाही. वरच्या-खालच्या तुकड्यांवरही डिझाइन जुळावं लागतं, त्यामुळे ते बहुधा त्याच पट्टीतून निघतात. जमिनीपासून छतापर्यंतचं कपाट किंवा दार असेल तरच पट्टी कमी होते.

माल हातात आला की सगळ्या रोलांच्या लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना, ते रोल फोडण्याआधी बघा. वेगळा असेल तर बंद रोल तसेच परत आणा, बदलून देतो. उघडलेला रोल परत घेतला जात नाही.

फोटोसोबत एवढं कळवा: कागदाचा डिझाइन नंबर, स्कर्टिंग किती इंची आहे, आणि तीन ठिकाणची उंची. टेप नसेल तर आमचा माणूस येऊन मोजून जाईल.